सत्तावन्न कोटी, निव्वळ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. कुहीहून रोज एसटीने नागपूरला येऊन बी.कॉम. केलं, मग नोकरी करत करत एमबीए केलं आणि एका कंपनीच्या फायनान्स खात्यात लागले. त्या कंपनीने एकदा शेअर विकून सत्तावन्न कोटी उभे केले. त्यात माझा हात होता, म्हणून हे लिहिते आहे. हात किती होता, तर साडेअकरा लाखांचा. पण तो होता.

कंपनी हिंगण्याच्या एमआयडीसीत. कोळशाच्या खाणीत मैलोन्‌मैल पट्टे चालतात ना, कोळसा वाहून नेणारे, त्या पट्ट्यांखाली फिरणारे रोलर आम्ही बनवायचो. लोखंडी. खाणवाल्यांना आता हलके रोलर हवे होते, प्लास्टिकसारख्या मालाचे. त्याची मशीनची सगळी लाइन बाहेरून आणायची, उभी करायची, चालू करून द्यायची, याची किंमत सत्तावन्न कोटी. ती लाइन आली नाही तर चार-पाच वर्षांत आमच्या रोलरला कोणी विचारणार नव्हतं. हे वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. वेल्डिंगच्या दुकानातून वर आलेला माणूस. फार वर्षांपूर्वी हप्ते थकले म्हणून बँकेने त्यांच्या पहिल्या शेडला कुलूप ठोकलं होतं, तेव्हापासून कर्जाचं नाव काढायचं नाही. "सत्तावन्न पायजे, आन पुरे सत्तावन्न," ते म्हणायचे. "एक रुपया कमी पडला तर बँकेच्या दारात जा लागते. मी नाही जात."

कर्ज नको, तर मग एकच रस्ता. कंपनी आधीच शेअर बाजारात होती, तिने पुन्हा नवे शेअर काढायचे आणि लोकांना विकायचे. आमच्याकडे याला एफपीओ म्हणतात. शेअर बाजारात एकशेसत्तरला चालला होता. थोडा स्वस्त द्यावा लागतो, नाहीतर लोक बाजारातूनच घेतील, म्हणून दीडशेला द्यायचं ठरत होतं. किती शेअर काढायचे, हा प्रश्न होता. आणि ज्या सकाळी त्यावर बैठक होती, त्या सकाळी आमच्या सीएफओ साहेबांचा स्लाइड पुढे सरकवणारा माणूस तापाने आडवा झाला.

साहेब माझ्या टेबलाशी आले. "तुम्ही येता का? फक्त बटण दाबायचं आहे."

मी गेले. आदल्याच रविवारी सीताबर्डीहून घेतलेल्या सँडल पायात होत्या, आणि त्या चालताना बदकासारख्या बोलायच्या. गालिचा नव्हता, फरशी होती. मी दारापासून लॅपटॉपपर्यंत गेले तेवढ्यात खोलीतल्या सगळ्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. भाऊ म्हणाले, "काय वं, पायात कोणाले दाबून आणलं?" मी हसले, ते हसले, आणि माझी भीती तिथेच गळून पडली. ही माझी चूक झाली म्हणा, कारण भीती असती तर मी पुढे बोलले नसते.

समोरच्या पडद्यावर मुंबईचा मर्चंट बँकर होता. हा माणूस आमचा इश्यू, म्हणजे हे नवे शेअर, बाजारात नेणार, अर्ज मागवणार, आणि न खपलेले शेअर स्वतः घ्यायची हमी देणार. या जोखमीचा मोबदला म्हणून लोकांनी दिलेल्या पैशातून चार टक्के तो कापून घेणार. पुस्तकात त्याला स्प्रेड म्हणतात, आमच्या ऑफिसात सरळ कमिशन. त्याच्याखेरीज वकील, ऑडिटर, रजिस्ट्रार, छपाई, जाहिराती, एक्सचेंजची म्हणजे शेअर बाजाराची फी, सगळे कर धरून साठ लाख. हे खर्च इश्यू केवढाही असो, तेवढेच राहणार होते.

साहेबांची स्लाइड आली. सत्तावन्न कोटी हवेत. त्यावर चार टक्के म्हणजे दोन कोटी अठ्ठावीस लाख. खर्च साठ लाख. एकूण एकोणसाठ कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांचा इश्यू. दीडशेने भागा, एकोणचाळीस लाख ब्याण्णव हजार शेअर.

मी बटण दाबायचं सोडून त्या आकड्याकडे पाहत राहिले. मला तो आकडा ओळखीचा वाटला. आकडा नाही, चूक ओळखीची वाटली.

माझे बाबा कुहीत धानाच्या गिरणीवर मशीन चालवतात. माझं अर्धं लहानपण त्या कोंड्यात गेलं. लग्नसराईत लोक यायचे. समजा कोणाला सत्तर किलो तांदूळ हवा. घट किती, तर सोयीसाठी तीस टक्के धरा. तो माणूस काय करणार? सत्तरचे तीस टक्के एकवीस, ते सत्तरमध्ये जोडले, एक्याण्णव किलो धान घेऊन आला. गिरणीतून तांदूळ निघाला चौसष्टच्याही आत. मग भांडण! "तू तांदूळ चोरला!" आणि बाबा मशीनच्या आवाजावर ओरडायचे, "अगा, घट तांदळावर लागते का धानावर? धान कांडल्या जाते, तांदूळ नाही! तुले शंभर किलो आणा लागत होतं!" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की शाळेत टक्केवारी आली तेव्हा गुरुजी काय शिकवून राहिले ते मला समजलंच नाही, इतकं ते आधीच येत होतं.

तर साहेबांनी चार टक्के तांदळावर लावले होते.

"सर," मी म्हणाले, "हे कमी पडतात."

साहेब धरमपेठेतले. तीन पिढ्या हिशेबात गेलेलं घराणं, आवाज कधी चढत नाही. "अहो, त्यात चार टक्के धरलेत."

"धरलेत सर, पण सत्तावन्नवर धरलेत. बँकर सत्तावन्नवर नाही घेणार. तो सगळ्या गोळा झालेल्या पैशावर घेणार."

भाऊ पुढे वाकले. "किती कमी पडते?"

"साडेअकरा लाख."

साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला. एकोणसाठ कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांचे चार टक्के, दोन कोटी एकोणचाळीस लाख बावन्न हजार. ते गेले. खर्चाचे साठ लाख गेले. उरले छप्पन्न कोटी अठ्ठ्याऐंशी लाख अठ्ठेचाळीस हजार. सत्तावन्नला अकरा लाख बावन्न हजार कमी. साहेबांनी पुन्हा केलं. कॅल्क्युलेटर ऐकेना.

भाऊंनी पडद्याकडे बोट केलं. "तुम्ही नाही पाह्यलं हे? तुमच्याकडूनच तर पास होऊन आलं."

बँकर म्हणाला, "आम्ही आमचं कमिशन तपासलं होतं. ते बरोबर आहे."

भाऊ असे हसले की खुर्ची मागे सरकली. साहेबही हसले, कान लाल करून. "आता तुम्हीच मांडा," ते मला म्हणाले. मी उठले, सँडल बोलल्या, आणि मी फळ्यावर लिहिलं. हातात हवे सत्तावन्न कोटी. त्यात ठरलेला खर्च साठ लाख मिळवा, सत्तावन्न कोटी साठ लाख. कमिशन गेल्यावर शंभरातले शहाण्णव उरतात, म्हणून याला शून्य पूर्णांक शहाण्णवने भागा. बरोबर साठ कोटी. दीडशेने भागा, चाळीस लाख शेअर.

उलटं तपासून दाखवलं. साठ कोटी आले, दोन कोटी चाळीस लाख बँकरला, साठ लाख बाकी सगळ्यांना, राहिले सत्तावन्न.

"पुरे," भाऊ म्हणाले. बाकी काही नाही. पण त्या संध्याकाळी मी मेट्रोत उभी होते आणि मला हसू आवरेना. बाजूच्या बाईने पिशवी स्वतःकडे ओढून घेतली.

घरी फोन केला. बाबा म्हणाले, "आज काय केलं?"

"सांगता येत नाही बाबा. गुपित आहे. बोर्डाची बैठक होऊन एक्सचेंजले कळवेपर्यंत कोणाले सांगितलं तर गुन्हा आहे."

"सांगता येत नाही असं काम करतं? मग पगार कायचा देते तुले?"

"न सांगायचाच देतात असं समजा."

"पोट्टी वकील झाली वाटते," ते मागे आईला म्हणाले.

बोर्डाने मंजूर केलं, एक्सचेंजला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी भाव पडला.

आता आमच्या गेटवरच्या फळ्याची गोष्ट सांगायला हवी. कंपनी पहिल्यांदा बाजारात गेली तेव्हा भाऊंनी कामगारांना शेअर दिले होते. तेव्हापासून गेटवर दोन फळे. एकावर "अपघाताविना इतके दिवस". दुसऱ्यावर कालचा शेअरचा भाव, खडूने. वॉचमनकाका रोज सकाळी तो लिहायचे, अक्षर असं की जणू शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिलाय. भाव वाढला की खाली फूल काढायचे.

त्या सकाळी फुलाविना एकशेअठ्ठावन्न. एका दिवसात बारा रुपये गेले होते. फळ्यापुढे पहिल्या पाळीची गर्दी.

भाऊंची गाडी आली. ते उतरले, फळा पाहिला आणि म्हणाले, "पुसा. एकशेसत्तर लिवा."

काका म्हणाले, "भाऊ, लिवतो. पण सगळ्यांच्या मोबाइलात अठ्ठावन्न दिसून राहिले. लोक म्हणतीन वॉचमनले दिसत नाही."

"मग काही लिवूच नका!"

"मग म्हणतीन कंपनी बंद पडली."

भाऊंनी फळा तसाच सोडला आणि तरातरा वर गेले. पाच मिनिटांत साहेब आणि मी केबिनमध्ये.

"लोकाइले मशीन नाही पाह्यजे का?" भाऊ ओरडले. "मी चांगलं काम कराले निघालो तर भाव काहून पडला? ठीक आहे. मी माझ्या खिशातून शेअर घेतो बाजारातून. आत्ताच. पाहतो कसा पडते."

साहेब आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "भाऊ, जेल!"

"काय?"

"ट्रेडिंग विंडो बंद आहे. आतली माहिती असलेल्या माणसाने आता एकही शेअर घ्यायचा नाही, विकायचा नाही. आणि इश्यूच्या तोंडावर स्वतःच भाव चढवायचा? मी तुम्हाला डबा आणून देणार नाही तिथे."

भाऊ बसले. मग म्हणाले, "मग रद्द करा इश्यू. लोकाइचा माझ्यावर भरवसा नसन तर मले त्याइचे पैसे नको."

साठ कोटींचा कागद टेबलावर. मशीनवाल्याने किंमत ठरावीक मुदतीपर्यंत धरून ठेवली होती, ती टळली तर पुन्हा सगळं सुरुवातीपासून. मला माझ्या सत्तावन्न कोटींचा पुळका आला, खरं सांगते. ते जणू मी कमावले होते.

"भाऊ, तुम्ही कधी बैल घेतला का बाजारातून?" मी विचारलं.

"माझ्या बापाने घेतला."

"मालकाने बैल बाजारात आणला की घेणारा आधी काय करतो?"

"दात पाहते. शेपटी उचलते. चालवून पाहते."

"काहून? मालक म्हणतो ना, बैल सोनं आहे."

भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. "सोनं आहे तर इकून काहून राहिला, असं वाटते घेणाऱ्याले."

"तेच झालं काल. कंपनीच्या आत काय आहे ते तुम्हाले माहीत, बाहेरच्याले नाही. तो म्हणतो, शेअर खरंच अडीचशेचा असता तर यांनी दीडशेच्या आसपास वाटला असता का? कर्ज काढलं असतं आणि नफा घरातच ठेवला असता. म्हणजे यांना वाटतं आत्ताचा भाव चांगलाच आहे, विकून घ्या. म्हणून तो आधीच दोन पावलं मागे सरकतो. तुमच्यावर राग नाही त्याचा. त्याले फक्त दात पाहाले मिळत नाही."

"अगं, पण मी कर्ज काढत नाही कारण माझ्या शेडले कुलूप लागलं होतं!"

"ते कुलूप बाजाराने नाही पाह्यलं, भाऊ."

साहेबांनी तेवढ्यात कागद ओढला. त्यांना आता सूर सापडला होता. "आणि दुसरं साधं कारण आहे. आज आपले शेअर दोन कोटी, नफा चोवीस कोटी. एका शेअरच्या वाट्याला बारा रुपये. चाळीस लाख शेअर वाढले की तोच नफा दोन कोटी चाळीस लाखांत वाटायचा. दहा रुपये. मशीन येईल, लागेल, माल काढेल, तेव्हा नफा वाढेल. तोवर दहाच. शिवाय एवढे शेअर एकदम बाजारात येणार, तेही स्वस्तात, मग आज महाग कोण घेईल?"

"म्हणजे स्वयंपाक तेवढाच, पाने जास्त," भाऊ म्हणाले.

"दुसरा भात चुलीवर आहे," मी म्हणाले, "पण अजून शिजला नाही."

भाऊ उठून खिडकीशी गेले. खाली फळ्यापुढची गर्दी अजून हलली नव्हती. "याइले कोण सांगन हे?"

"जे कागदात छापलंय तेवढं सांगता येईल," साहेब म्हणाले. "भाव वाढेल असं मात्र कोणी म्हणायचं नाही. तुम्ही तर अजिबातच नाही."

"मी तोंडच उघडत नाही. ही जाईन."

अशी मी गेटवर गेले. सँडल बदललेल्या होत्या, नाहीतर हे सांगायला मी उरले नसते. मी सांगितलं की पैसा कशाला हवा, किती हवा, आणि भाऊ स्वतःचा एकही शेअर विकत नाहीत, सगळे नवे शेअर आहेत, पैसा कंपनीत येणार. एक जुना वेल्डर हात वर करून म्हणाला, "ते सारं ठीक आहे मॅडम. मी इकू का ठेवू, तेवढं सांगा."

"ते मी सांगणार नाही. सांगता येत नाही."

"मग एवढं कॉलेज शिकून काय फायदा?"

सगळे हसले, मीही. काकांनी मात्र फळ्यावरच्या अठ्ठावन्नखाली काहीच काढलं नाही, आणि पाळी आत गेली. इश्यू रद्द झाला नाही.

मग कागदांचे महिने. कागद मुंबईला तपासणीला गेले, शंका घेऊन परत आले, पुन्हा गेले. या काळात साठ लाखांचा खर्च मी कडेवरच्या लेकरासारखा सांभाळला. प्रत्येकाकडून लेखी आकडा घेतला, करासकट. जाहिरातवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, अर्ध्या पानाऐवजी पूर्ण पान घ्या, उठून दिसेल." मी म्हटलं, "पूर्ण पान उठून दिसेल, पण माझे सत्तावन्न बसतील." तो म्हणाला, "तुमचे?" मी फोन ठेवला.

किंमत ठरवायच्या दिवशी बाजारात भाव एकशेअठ्ठावन्नच्या आसपासच होता. दीडशेला आता कोणी हात लावणार नव्हतं. बँकर म्हणाला, "एकशेचव्वेचाळीस."

"एकशेसेहेचाळीस," भाऊ म्हणाले. भाजीवालीशी बोलावं तसं.

"भाऊ, न खपलेले शेअर माझ्या गळ्यात पडणार. चार टक्के त्याचेच घेतो मी. महाग ठेवला तर तुमच्याआधी मी रडीन."

"तुम्ही रडता हे आवडलं मले," भाऊ म्हणाले. "चव्वेचाळीस."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता बटण दाबायला कोणी दुसरा होता, मी खुर्चीवर होते. हिशेब सोपा होता. गोळा करायचे ते साठ कोटीच, कारण हातात हवे ते सत्तावन्नच. किंमत उतरली म्हणून शेअर वाढणार. साठ कोटी भागिले एकशेचव्वेचाळीस, एक्केचाळीस लाख सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट, आणि वर दोन तृतीयांश.

"दोन तृतीयांश शेअर कोणाले देता?" भाऊ म्हणाले. "माझ्या जावयाले द्या."

"वरचा पूर्ण आकडा घ्यायचा," मी म्हणाले. "सहाशे सदुसष्ट. खालचा घेतला तर सत्तावन्नला नव्वद-ब्याण्णव रुपये कमी पडतील."

"ब्याण्णव रुपये मी देतो खिशातून," साहेब म्हणाले. तीन पिढ्यांत त्या घराण्यातून निघालेला तो पहिला विनोद असावा.

भाव पडल्याची किंमत त्या आकड्यात लिहिलेली होती. त्याच पैशासाठी एक लाख सहासष्ट हजारांवर शेअर जास्त द्यावे लागले, म्हणजे जुन्या लोकांचा वाटा आणखी थोडा पातळ. भाऊंनी तो आकडा दोनदा वाचला, आणि या वेळी फक्त मान हलवली.

इश्यू तीन दिवस उघडा होता. पहिल्या दिवशी पाव भरला. दुसऱ्या दिवशी अर्ध्याच्या जरासा वर. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या खात्यात कोणी जेवलं नाही. पडद्यावर आकडा दर थोड्या वेळाने बदलायचा, एक झाला की इश्यू पूर्ण भरला, आणि साहेब दर वेळी तोच प्रश्न विचारायचे, "किती?" तोच पडदा त्यांच्याही समोर होता. शून्य पूर्णांक ऐंशी. ब्याऐंशी. ब्याऐंशीच. भाऊ येऊन उभे राहिले, म्हणाले, "मी नाही पाहत," आणि पाहत राहिले. मग मोठ्या संस्थांचे अर्ज पडायला लागले. एक एक करून नाही, दाणकन. पंच्याण्णव. एक पूर्णांक शून्य चार.

मी किंचाळले. मला लाज नाही वाटत. साहेबांनी टेबलावर तबला वाजवला. भाऊंनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि मग स्वतःच्या डोक्यावर, का ते त्यांनाच ठाऊक. खाली गेटवर कोणीतरी फटाके फोडले. शिफ्ट सुपरवायझर धावत आला, सुरक्षिततेचे नियम हातात घेऊन, आणि नियम वाचून दाखवता दाखवता नाचायला लागला. बंद होईपर्यंत एक पूर्णांक तीनपट झालं.

खोटं सांगणार नाही, नवे शेअर बाजारात आले त्या दिवशी भाव एकशेएकोणपन्नासला बंद झाला. ज्यांनी चव्वेचाळीसला घेतले त्यांना पाच रुपये सुटले, आणि ज्यांच्याजवळ एकशेसत्तरचे होते ते माझ्याकडे न पाहता गेटमधून गेले. हे लिहिताना भाव एकशेबासष्ट आहे. पुढे काय होईल मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगता आलं नसतं.

पैसे जमा झाले तो दिवस मात्र पूर्ण आठवतो. बँकरने आपले चार टक्के आणि आमच्या सांगण्यावरून सगळ्या बिलांचे साठ लाख तिकडेच वळते केले, आणि उरलेलं आमच्या खात्यात सोडलं. सकाळी साडेअकराला मोबाइलवर संदेश आला. मी वाचला. पुन्हा वाचला. मग भाऊंच्या केबिनचं दार न ठोकताच आत शिरले. साहेब तिथेच होते. मशीनच्या ऑर्डरचा कागद टेबलावर, पेन उघडं.

"आले?" भाऊ म्हणाले.

"आले."

"पुरे?"

"सत्तावन्न कोटी," मी म्हणाले, आणि मला इतकं हसू येत होतं की पुढचं निघेना. "सत्तावन्न कोटी सेहेचाळीस रुपये आठ पैसे."

भाऊंनी सही केली. एका झटक्यात, मोठी, कागदाच्या कडेबाहेर जाणारी. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "हे सेहेचाळीस कायचे?"

"एक तृतीयांश शेअरचे भाऊ. वरचा आकडा घेतला होता ना. अठ्ठेचाळीस आले, त्यातले एक रुपया ब्याण्णव पैसे बँकरने चार टक्के म्हणून कापले."

"त्याच्यातूनही कापले?"

"त्याच्यातूनही."

"वा रे गब्रू!" भाऊ म्हणाले आणि हसत हसत खोकायला लागले. "चला, त्या सेहेचाळीसचे तर्री-पोहे मागवा. जेवढे येतीन तेवढे. तिघं खाऊ."

साहेबांनी चष्मा नीट केला. "नाही जमणार. हा इश्यूचा पैसा आहे. कागदात लिहिलंय त्याच कामाला लावावा लागतो."

"सेहेचाळीस रुपये?"

"आणि आठ पैसेही."

मग मी तो मोठा छापील कागद काढला, पैसा कुठे कुठे वापरणार त्याचं पान उघडलं, आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. कंपनीची सर्वसाधारण कामे.

"पोहे हे सर्वसाधारण काम आहे का?" भाऊंनी विचारलं.

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. "नागपुरात आहे," ते म्हणाले.

शेवटी पोहे भाऊंच्या खिशातून आले, कारण साहेबांचा धीर झाला नाही. सेहेचाळीस रुपये आठ पैसे मशीनच्या पहिल्या हप्त्यासोबत गेले, आणि त्याची नोंद मी स्वतः केली.